सूचना: कारखान्यातील मान्य मराठी शब्दयादी आणि तिचा वापर

जा. क्र. अभि/सुरक्षा/११२/२०२५-२६
दिनांक: १५ सप्टेंबर २०२५

प्रति: मिल, बॉयलर, सहवीज, उत्पादन, डिस्टिलरी, विद्युत, प्रयोगशाळा, शेती, वजनकाटा व गोदाम विभागांतील सर्व कायम, हंगामी व रोजंदारी कर्मचारी, तसेच ठेकेदार आणि त्यांची माणसे.

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, बॉयलर अग्निप्रदीपन आहे. त्याच्या आदल्या दिवसापासून, म्हणजे बुधवार, १ ऑक्टोबर २०२५ रोजी पहाटे ४ च्या पाळीपासून, कारखान्यात मान्य मराठी शब्दयादी लागू होत आहे. शिफ्ट लॉगबुक, काम-परवाना, यंत्रावरचे फलक व टॅग, गेटची चिठ्ठी, वॉकीटॉकी आणि पाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे कामाचे निरोप, एवढ्या ठिकाणी यादीतलाच शब्द वापरायचा आहे. कॅन्टीनमध्ये किंवा एकमेकांशी बोलताना कोणी कोणता शब्द वापरतो याच्याशी या सूचनेचा संबंध नाही.

कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावाव्या लागतात. त्या आपण लावतोच. पण ऑफ-सीझनमध्ये गेल्या हंगामाची लॉगबुके आणि काम-परवाने एकत्र बसून वाचले, तेव्हा एकाच गोष्टीला चार खात्यांत चार शब्द आढळले. त्याहून घोर म्हणजे एकच शब्द दोन उलट अर्थांनी लिहिलेला आढळला. वाचायला बसलेल्यांत फिटर, पॅनमन, बॉयलर अटेंडंट, वायरमन, केमिस्ट आणि वजनकाट्यावरचे लिपिक होते. यादी त्यांनीच ठरवली आहे, वरून आलेली नाही.

सोडणे

सगळ्यात जास्त वेळ या एका क्रियापदावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. "तीन नंबर बॉडीत वाफ सोडा" म्हणजे वाफ आत घ्यायची. "तीन नंबर बॉडीची वाफ सोडा" म्हणजे आतली वाफ बाहेर काढायची. लिहिताना फरक फक्त "त" आणि "ची" एवढाच, आणि मिल चालू असताना वॉकीटॉकीवर तेवढाही ऐकू येत नाही. "टाकीला पाणी सोडले" यावरून टाकी भरली की रिकामी केली, हे पुढच्या पाळीला कळत नाही. त्यात इव्हॅपोरेटर धुताना "सोडा सोडला का?" हा प्रश्न रोजचा. ऐकायला गंमत वाटते, पण बॉडीच्या मॅनहोलपाशी उभ्या असलेल्या माणसाला ती गंमत नाही.

म्हणून "सोडणे" हे क्रियापद परवाना, लॉगबुक आणि वॉकीटॉकी या तिन्ही ठिकाणी बंद. त्याऐवजी "आत घ्या" किंवा "बाहेर काढा" म्हणा. वाफ आत घ्या, वाफ बाहेर काढा. पाणी आत घ्या, पाणी बाहेर काढा. रसायनाला नुसते "सोडा" न म्हणता "कॉस्टिक" म्हणा. पॅनच्या बाबतीत "पॅन ड्रॉप केला" हे सगळ्यांना कळते, ते तसेच राहील.

बंद

"फायब्रायझर बंद आहे" याचे निदान तीन अर्थ आपल्या लॉगबुकात सापडले. यापुढे "बंद" हा शब्द फक्त व्हॉल्व्ह, दार आणि झाकण यांनाच लावायचा. फिरणाऱ्या यंत्राला खालीलपैकी एक अवस्था लिहायची:

थांबवले: बटण दाबून यंत्र थांबवले आहे, वीज अजून आहे.
वीज तोडली: आयसोलेटर किंवा ब्रेकर उघडला आहे, कुलूप नाही.
कुलूप लावले: वीज तोडली, कुलूप लावले, ज्याने लावले त्याच्या नावाचा लाल टॅग अडकवला आणि चालू करण्याचे बटण दाबून यंत्र हलत नाही हे पाहिले.

यंत्रात हात घालायचा तो फक्त तिसऱ्या अवस्थेनंतर. फायब्रायझर आणि सेंट्रीफ्युगल यांच्या बाबतीत कुलूप लावल्यावरही "फिरणे थांबले" हे शब्द वेगळे लिहायचे आहेत. वीज गेली तरी फायब्रायझरचा जड रोटर बराच वेळ फिरत राहतो, हे जुन्यांना ठाऊक आहे, नव्यांना नाही.

खाली

मराठीत खाली म्हणजे तळाकडे. वेल्डिंगच्या ठेक्यावर येणारी बरीच माणसे हिंदी बोलणारी, त्यांच्या भाषेत खाली म्हणजे रिकामे. आपणही "टाकी खाली झाली" म्हणतोच. क्रेनवर मोटर लटकत असताना "खाली करो" हे कोणी कसे घ्यावे? म्हणून टाकी, बॉडी, ट्रॉली यांना "रिकामी" म्हणायचे. क्रेन व चेनब्लॉकवर "उतरवा" आणि "उचला" हे दोनच शब्द चालतील, जोडीला हाताची खूण. ठेकेदारांनी आपल्या माणसांना हे तीन शब्द पहिल्याच दिवशी शिकवायचे आहेत. गेटवर विचारले जाईल.

मळी

याच्यावर बरीच वादावादी झाली. उत्पादन शुल्काच्या कागदांत आणि डिस्टिलरीत मळी म्हणजे सेंट्रीफ्युगलवरून निघणारा, टाकीत साठवायचा काळा द्रव. शेतकऱ्याच्या तोंडी मळी म्हणजे फिल्टरवरून निघणारा, शेतात खत म्हणून टाकायचा गाळ. गेल्या हंगामात खतासाठी आलेला ट्रॅक्टर मळीच्या टाकीखाली टँकरच्या रांगेत उभा केला गेला, आणि अर्धी पाळी कोणाच्या लक्षात आले नाही.

निर्णय असा: कारखान्याच्या कागदावर मळी म्हणजे फक्त टाकीतली मळी. फिल्टरवरच्या गाळाला सगळीकडे "प्रेसमड" लिहायचे. शेतकी ऑफिसच्या खिडकीवर सभासद "मळी पाहिजे" म्हणाले तर त्यांचे बोलणे सुधारत बसू नका. त्यांना काय हवे ते तुम्हाला कळते. चिठ्ठीवर मात्र "प्रेसमड" लिहून द्या.

बंदिस्त जागा

जुन्या परवान्यांवर "मर्यादित जागा" छापले आहे. पुस्तकी आहे, पण मळीच्या टाकीत ट्रक वळेल एवढी जागा असते, ती मर्यादित आहे असे कोणाला वाटेल? आता शब्द "बंदिस्त जागा". यात मळीच्या टाक्या, डिस्टिलरीच्या आंबवण टाक्या, इव्हॅपोरेटर व पॅनच्या बॉडी, बॉयलरचा ड्रम, सांडपाणी प्रकल्पाचे खड्डे आणि ज्यूसची टाकी येते. वरून उघडी असलेली टाकीसुद्धा बंदिस्तच धरायची, कारण आंबवणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो तळाशीच बसून राहतो आणि त्याला वास नसतो.

बंदिस्त जागेच्या परवान्यावर "हवा बरोबर आहे" असे लिहिलेले चालणार नाही. मीटरवरचा आकडा लिहायचा. आत न्यायचा हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको, हे कायद्यातच आहे. "बाहेरचा माणूस" ऐवजी "पहारेकरी" लिहा. तो दाराशीच उभा राहील. आतल्याला काही झाले तर तो आत उडी मारणार नाही, आधी हाक देईल.

ठिणगीचे काम

वेल्डिंग, गॅस कटिंग आणि ग्राइंडिंग यांच्या परवान्यावर "गरम काम" छापले होते. काही मंडळी ते बॉयलरवरच्या कामासाठी भरत आणि बगॅस यार्डातल्या वेल्डिंगसाठी भरत नसत. नवे नाव ठिणगीचे काम. ठिणगी उडणार असेल तर परवाना लागेल, मग तो ग्राइंडर पाच मिनिटांसाठी का असेना.

इतर शब्द थोडक्यात. "लाइन" एकटे लिहू नका: वाफेची लाइन, रसाची लाइन, विजेची लाइन. "गॅस" एकटे लिहू नका: गंधकभट्टीचा गॅस, बायोगॅस, वेल्डिंगचा गॅस. शेती विभागाने "उतारा" एकटे लिहू नये. साखर उतारा आणि सात-बारा उतारा एकाच फायलीत येतात. चुन्याच्या टाकीवर "चुन्याचे दूध" लिहावे, "निवळी" नको, कारण निवळी म्हणजे वरचे स्वच्छ पाणी. बॉयलर, व्हॉल्व्ह, बेअरिंग, पॅन, सिरप, मॅसिक्विट, प्रेशर हे शब्द आहेत तसेच राहतील. बाष्पक किंवा झडप कोणी लिहायला लागू नये. सरकारी फॉर्मवर बाष्पक छापलेले असेल तिथे ते राहू द्या.

कंट्रोल रूमच्या स्क्रीनवरची अक्षरे इंग्रजीतच राहणार आहेत. स्क्रीनवर जे दिसेल ते लॉगबुकात जसेच्या तसे उतरवा आणि पुढे मराठीत लिहा. उदाहरणार्थ: `DRUM LEVEL LOW LOW`, ड्रमची पातळी अतिकमी, रात्री २.१०, बॉयलर ट्रिप. स्क्रीनवरच्या शब्दाचे आपल्या मनाने भाषांतर करून मूळ गाळू नका. पुढे कारण शोधताना मूळ अक्षरेच लागतात.

वॉकीटॉकीवर निरोप घेणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. "चार नंबरचा वाफेचा व्हॉल्व्ह बंद करतो" असे पूर्ण वाक्य. नुसते "हो साहेब" किंवा "ओके" आले तर निरोप पोचला नाही असे समजून पुन्हा सांगा. वरिष्ठाने चुकीचा शब्द वापरला तर हेल्परनेही "म्हणजे आत घ्यायची की बाहेर काढायची?" असे विचारायचे आहे. त्याबद्दल कोणी कोणावर चिडणार नाही. चिडल्यास माझ्याकडे या.

यादीची खिशात मावणारी पुस्तिका टाइम ऑफिसमध्ये २२ सप्टेंबरपासून सही करून मिळेल. मोठे फलक गव्हाण, मिल, बॉयलर फ्लोअर, पॅन फ्लोअर, सहवीज कंट्रोल रूम आणि डिस्टिलरीच्या दाराशी लागतील. २४ ते ३० सप्टेंबर या काळात प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला पाळीप्रमुख १५ मिनिटे ही यादी समजावतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती म्हणून दाखवायची आहे, अंगठा घेऊन मोकळे व्हायचे नाही.

जुने छापील परवाने ३१ ऑक्टोबरपर्यंत चालतील, पण जुना शब्द खोडून नवा हाताने लिहिलेला असावा. त्यानंतर जुन्या शब्दाचा परवाना सुरक्षा विभाग परत करेल आणि काम सुरू होणार नाही. गेल्या हंगामांची लॉगबुके कोणी दुरुस्त करू नयेत, ती नोंद आहे तशीच राहील. चुकीचा शब्द वापरला म्हणून या हंगामात कोणालाही मेमो दिला जाणार नाही.

हवा तो शब्द यादीत सापडला नाही तर साध्या वाक्यात काय करायचे ते लिहा आणि पाळीच्या शेवटी पाळीप्रमुखाला सांगा. नवा शब्द सुचवायचा असेल, किंवा यादीतला एखादा शब्द तुमच्या जागेवर घोटाळा करतो असे वाटत असेल, तर सुरक्षा विभागात अंतर्गत फोन २१४ वर कळवा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरक्षा समितीत त्यावर निर्णय होईल आणि बदल झाल्यास पुस्तिकेसाठी चिकटवायची पट्टी मिळेल. स्वतःहून फलकावर पेनने बदल करू नका. गंधकभट्टीजवळच्या नमुना फलकावर कोणीतरी आधीच एक शब्द खोडला आहे. शब्द बरोबर सुचवला आहे, पण ज्याने खोडला त्याने येऊन तो समितीपुढे मांडावा.

मुख्य अभियंता

प्रत:
१. कार्यकारी संचालक, माहितीसाठी
२. सर्व खातेप्रमुख व पाळीप्रमुख, अंमलबजावणीसाठी
३. कामगार संघटनेचे कार्यालय
४. सर्व ठेकेदार, हिंदी प्रतीसह
५. सूचना फलक: मुख्य गेट, टाइम ऑफिस, कॅन्टीन