साठेखताच्या पूर्ततेसाठी दावा

मे. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, सांगली यांचे कोर्टात
स्पेशल दिवाणी दावा, सन 2025

वादी : दत्तात्रय आण्णासो कुंभार, वय 47, धंदा शेती, रा. कवलापूर, ता. मिरज, जि. सांगली
विरुद्ध
प्रतिवादी : विलास भाऊसो चव्हाण, वय 58, धंदा शेती, रा. सदर

साठेखताची विशिष्ट पूर्तता, कब्जा व निरंतर मनाईसाठी दावा. वादीचे म्हणणे येणेप्रमाणे :

1. मौजे कवलापूर येथील गट नं. 412 पैकी 0 हे. 80 आर ही जिराईत जमीन दाव्याचा विषय आहे. चतुःसीमा : पूर्वेस गट नं. 413, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गट नं. 409, दक्षिणेस पाणंद. जमीन प्रतिवादीच्या एकट्याच्या नावे व कब्जात आहे.

2. प्रतिवादीने ती रु. 24,00,000 ला विकण्याचे ठरवून दि. 05/06/2024 रोजी नोंदणीकृत साठेखत लिहून दिले आणि इसाऱ्याचे रु. 6,00,000 चेकने घेतले. सातबाऱ्यावरील विकास सोसायटीचा बोजा प्रतिवादीने कमी करून द्यावा व दि. 04/06/2025 पूर्वी वादीने उर्वरित रु. 18,00,000 देऊन खरेदीपत्र करून घ्यावे, असे ठरले होते.

3. साठेखताच्या दिवसापासून आजतागायत वादी आपला भाग पार पाडण्यास सतत तयार व राजी आहे. दि. 01/07/2024 रोजी ठेवलेली रु. 12,00,000 ची मुदतठेव मुलीच्या लग्नातही त्याने मोडली नाही. उरलेली रक्कम हळदीच्या पट्टीतून उभी केली. मुद्रांक व नोंदणीचा खर्च वेगळा ठेवला. बोज्याबाबत तो वारंवार प्रतिवादीच्या घरी गेला. दर वेळी 'सोसायटीचे भागवतो, मग बघू' एवढेच उत्तर मिळाले. अखेर ठेव मोडून दि. 30/05/2025 रोजी प्रतिवादीच्या नावे रु. 18,00,000 चा डिमांड ड्राफ्ट काढला व प्रतिवादीस कळवून दि. 02/06/2025 रोजी सकाळपासून कचेरी बंद होईपर्यंत तो मिरज येथील दुय्यम निबंधक कार्यालयात दोन साक्षीदारांसह थांबला. प्रतिवादी आला नाही. ड्राफ्ट आजही वादीकडे आहे. कोर्ट सांगेल तेव्हा रक्कम कोर्टात भरण्यास तो तयार आहे. वादीची राजीखुशी केवळ कागदावरची नाही, हे बँकेच्या उताऱ्यांवरून दिसून येईल.

4. वादीने दि. 09/06/2025 रोजी वकिलामार्फत नोटीस दिली. दि. 24/06/2025 च्या उत्तरात प्रतिवादीने साठेखत व इसारा कबूल केला, मात्र 'भाव वाढला आहे' म्हणून खरेदीपत्रास नकार दिला. भाव वाढणे हे करार मोडण्याचे कारण होऊ शकत नाही. जमीन वादीच्या शेताला लागून असून प्रतिवादी ती तिऱ्हाइतास विकण्याच्या खटपटीत आहे.

5. दाव्यास कारण दि. 02/06/2025 व 24/06/2025 रोजी घडले. दावा मुदत कायद्याच्या अनुच्छेद 54 प्रमाणे मुदतीत आहे. मिळकत या कोर्टाच्या हद्दीत आहे. मोबदला रु. 24,00,000 वर दाव्याची आकारणी करून कोर्ट फी दिली आहे.

सबब विनंती की,
अ) प्रतिवादीने रु. 18,00,000 घेऊन, बोजा उतरवून, वादीस खरेदीपत्र व खुला कब्जा द्यावा. न दिल्यास कोर्टामार्फत करून मिळावे.
ब) मिळकत अन्य कोणास तबदील करण्यास प्रतिवादीस निरंतर मनाई व्हावी.
क) पूर्तता अशक्य ठरल्यास पर्यायाने इसारा व्याजासह परत मिळावा.
ड) खर्च व इतर योग्य ते हुकूम व्हावेत.

सांगली, दि. 21/07/2025
वादी : दत्तात्रय आण्णासो कुंभार

सत्यापन : मी वादी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, कलम 1 ते 4 मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व कलम 5 मधील मजकूर मिळालेल्या कायदेशीर सल्ल्यावरून खरा आहे. सांगली येथे दि. 21/07/2025 रोजी सही केली.