शनिवार रिकामा ठेवा

बसा मुलांनो. वह्या मिटा, एक कोरा कागद आणि पेन तेवढं काढा.

दहावीच्या एका मुलीनं मला तिचं वेळापत्रक दाखवलं होतं. पहाटे पाच ते रात्री अकरा, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. सोमवारी तिला ताप आला. बुधवारपर्यंत इतकं मागे पडलं की तिनं तो कागदच भिंतीवरून काढला. पोरगी मेहनती होती, पण तिच्या आठवड्यात आजारी पडायलाही जागा नव्हती.

म्हणून सात वार लिहा आणि शनिवारपुढची जागा कोरी सोडा. आठवड्यात जे राहील ते शनिवारी. काही राहिलं नाही, तर खेळायला जा. मनापासून सांगतोय.

आता रविवार. सकाळी 11 ला पेपर सोडवायचा, कारण बोर्डाचं सकाळचं सत्र तेव्हाच सुरू होतं. गणित भाग 1 असेल तर 40 गुण, 2 तास. मराठी असेल तर 80 गुण, 3 तास. घड्याळ समोर, मोबाइल दुसऱ्या खोलीत. वेळ संपली की पेन खाली, उदाहरण अर्धं राहिलं तरी.

संध्याकाळी तो पेपर स्वतः तपासा. जिथे गुण गेला तिथे समासात एक अक्षर लिहा. येतच नव्हतं तर 'न'. घाईत चुकलं, चिन्ह उलटं पडलं, तर 'घ'. वेळ पुरला नाही तर 'व'. ही तीन अक्षरं मला टक्क्यांपेक्षा महत्त्वाची वाटतात. पंधरा गुण गेले आणि त्यातले नऊ 'घ' असतील, तर आख्खा धडा पुन्हा वाचून काय उपयोग? तिथे प्रत्येक पायरी लिहून पडताळायची सवय लावावी लागेल.

सोमवार ते शुक्रवार शाळा-क्लास सांभाळून रोज पन्नास मिनिटांच्या दोनच बैठका. पहिली रविवारच्या चुकांची: सोमवार, मंगळवार 'न', बुधवारी 'घ', गुरुवारी 'व'चे प्रश्न घड्याळ लावून. शुक्रवारी पुस्तक मिटून सोमवारचे 'न' कोऱ्या कागदावर लिहा. जे आठवणार नाही ते शनिवारी. दुसरी बैठक बाकीच्या विषयांची, तुमच्या सोयीनं लावा.

कुणी विचारेल, "सर, दोन बैठकांत होईल?" पुस्तक उघडं ठेवून चार तास बसण्यापेक्षा जास्त होईल. आणि झोपेचे तास कापू नका. जागरणानं 'घ' वाढतात, मी पेपर तपासताना बघतो.

या रविवारी सगळ्यांनी गणित भाग 1 घ्या. सोमवारी पहिल्या तासाला पेपर घेऊन या. गुण मी विचारणार नाही, फक्त तुमचे 'न', 'घ', 'व' मोजू.