बटण सोडा, कढईकडे बघा

बसा बसा, अ‍ॅप्रन नंतर बांधा, आधी पाच-सात मिनिटं माझं ऐकून घ्या, मग आपण फोडणीपासून सुरुवात करू. पहिल्या दिवशी मी रेसिपी देत नाही, कारण रेसिपी तुम्हाला मोबाईलवर पण मिळते. पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा आचेमुळे, आणि दोष मात्र बिचाऱ्या मिठाला नाहीतर मसाल्याला.

पहिली चूक म्हणजे घाई. तेल ओतलं की लगेच मोहरी टाकायची. काय होतं, तेल गार असतं, मोहरी तळाशी नुसती बसून राहते, मग तुम्हाला वाटतं तडतडत का नाही, म्हणून गॅस वाढवता, तेवढ्यात जिरं हिंग हळद सगळं टाकून मोकळे होता, आणि ती कच्ची मोहरी वरणात दाताखाली येते, कडवट. त्यापेक्षा एकच दाणा टाकून बघा. लगेच वर येऊन तडतडला तर बाकीची टाका, नाहीतर थांबा. मोहरी तडतडते ती आतल्या ओलाव्याची वाफ होऊन दाणा फुटतो म्हणून, आणि तेवढं तापायला तेलाला वेळ द्यावाच लागतो.

स्टीलच्या पॅनचं पण हेच. गार पॅनमध्ये अंडं फोडलं की ते असं चिकटतं की उलथनं वाकेल. रिकामा पॅन मध्यम आचेवर ठेवा, पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र करून लगेच उडून गेले तर अजून वेळ आहे, थेंबाची गोळी होऊन पॅनभर पळायला लागली की तापला. आता पाणी पूर्ण उडू द्या, आच कमी करा आणि मग तेल. पण हे नॉनस्टिकवर अजिबात करायचं नाही हां! ते भांडं रिकामं तापवायचंच नाही, साधारण 260 डिग्रीच्या वर त्याचा थर खराब व्हायला लागतो, धूर निघतो, आणि घरात पोपट किंवा लव्हबर्ड्स असतील तर तो धूर त्यांच्या जिवावर बेतू शकतो.

दुसरी चूक, गॅस कायम फुल्ल. काका, तुम्ही हसताय म्हणजे तुमचं हेच असणार. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या बटाट्याच्या काचऱ्या बाहेरून काळ्या आणि आतून कच्च्या होत्या, सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं दही वाढून घेतलं. मोठ्या आचेवर बाहेरचा भाग करपतो आणि आत उष्णता पोचायला वेळच मिळत नाही, थालीपीठाला म्हणून तर झाकण आणि मंद आच लागते. आणि एक लक्षात ठेवा, गॅस बारीक केला म्हणून भांडं लगेच गार होत नाही, लोखंडी तवा तर बंद केल्यावर पण बराच वेळ भाजत राहतो. फोडणी करपतेय असं वाटलं की बटण कसलं शोधताय, कढई उचला! लाल तिखट नेहमी गॅस बंद करून, नाहीतर घरभर ठसका.

तिसरी चूक माझ्या मते सगळ्यात जास्त होते आणि कोणाच्या लक्षातच येत नाही. गर्दी. अर्धा किलो भेंडी एका लहानशा पॅनमध्ये कोंबायची आणि मग म्हणायचं मॅडम, तार सुटली. अहो सुटणारच. एवढी गार भाजी एकदम पडली की पॅन थंडावतो, भाजीतलं पाणी बाहेर येतं, आणि जोवर तळाशी पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 डिग्रीच्या फारसं वर जात नाही. भाजी खमंग लाल व्हायला साधारण 140 तरी लागतं. म्हणजे तुम्ही परतत नाही आहात, उकडताय. आवाज ऐका ना, छान चर्रचर्र चालू होतं ते थांबून बुडबुड सुरू झालं की समजा गर्दी झाली. मग दोन वेळा करा, थोडी थोडी, एकाच थरात पसरून. भेंडी धुऊन पुसून कोरडी करूनच चिरा, झाकण नको, मीठ अगदी शेवटी, कारण मीठ पाणी ओढून काढतं. पनीर, मशरूम, कांदे, सगळ्यांचं हेच. वेळ जास्त लागतो, लागू दे.

जर्मनीला कोण चाललंय, तू ना? तिकडे इंडक्शन असेल तर अजून सावध, ज्वाला दिसत नाही आणि पातळ बुडाचं भांडं बघता बघता तापतं, त्याचं वेगळं दाखवते शेवटी.

चला, उठा आता, दोघादोघांत एक कढई घ्या. तेल दोन चमचे, मोहरी अजून कोणीही टाकायची नाही, एकच दाणा हातात धरून थांबा.