मने, डिसेंबरात चार रात्री मुक्कामाचं विचारायचंय

प्रिय मनीषा,

फोन न करता मुद्दाम लिहितेय. फोनवर विचारलं असतं तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू "ये की गं, विचारतेस काय" म्हणून मोकळी झाली असतीस. आणि मग अंथरूण कुठं घालायचं, सकाळी न्हाणीत कोण आधी जायचं, हे सगळं तुला एकटीला जुळवत बसावं लागलं असतं. आपल्या कोल्हापुरात पाहुण्याला नाही म्हणायची रीतच नाही. नुसता पत्ता विचारायला आलेल्यालाही चहा पाजून सोडतात. म्हणून हे लिहून पाठवतेय. निवांत वाच, दाजींशी बोल, मग ठरव.

आधी विचारायचं ते विचारते. १२, १३ आणि १४ डिसेंबरला, म्हणजे शुक्रवार ते रविवार, दादरला हस्तकलेचं प्रदर्शन आहे. त्यात आमच्या बचत गटाला चपलांचा स्टॉल मिळालाय. मी बुधवारी रात्री इथून महालक्ष्मीनं निघेन आणि सोमवारी १५ तारखेला रात्री महालक्ष्मीनंच परत फिरेन. दोन्ही तिकिटं काढून झालीत, त्यामुळे मुक्काम लांबायचा प्रश्न नाही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार अशा चार रात्री तुझ्याकडं मुलुंडला झोपायला येऊ का?

नाही जमलं तर माझं अडणार नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, खरंच सोय आहे. मंगलताई आणि गटातल्या आणखी दोघी दादर स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरणार आहेत. खोलीत चौथी गादी टाकून देतो म्हणून मालकानं सांगितलंय. भाडं चौघींत वाटलं तर परवडतं आणि स्टॉलच्या खर्चात आम्ही ते आधीच धरलंय. त्याला ३० नोव्हेंबरपर्यंत माणसं किती ते कळवायचंय, म्हणून मला तुझं उत्तर शुक्रवारी २८ तारखेपर्यंत हवंय. तोवर काहीच आलं नाही तर नाही जमत असं धरून मी गादी सांगून टाकेन. परत आठवण करणार नाही, दुखावणारही नाही. म्हणजे नाही म्हणायला तुला काही लिहायलाच पाहिजे असंही नाही.

मग तुझ्याकडं यायचं मनात का आलं, ते सरळ सांगते. मंगलताई घोरतात, हे एक. आणि तुझ्याशी रात्री तासभर बोलायला मिळेल, हे दुसरं. एवढंच. यातलं काहीच चार रात्री तुझं घर हलवण्याइतकं मोठं नाही.

तुझ्या घरातलं मला जेवढं ठाऊक आहे त्यावरून बोलते. ओमची दहावी आहे, आणि पूर्वपरीक्षा त्याच सुमाराला येईल. पोरगं बाहेरच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत दिवा लावून बसत असेल, तर त्याच खोलीत मी आडवी झाले की त्याला दिवा मालवावा लागणार. तो "मावशी झोपा, मला चालतंय" म्हणेलही, पण मला ते चालणार नाही. आत्यांचा गुडघा दुखतोय असं दिवाळीत म्हणाली होतीस. त्यांना रात्री दोनदा उठावं लागत असेल, आणि वाटेत अंथरलेली गादी म्हणजे पडायला निमित्त. शिवाय नळाला पाणी येतं त्या तासाभरात तुझ्या घरात काय गडबड असते ते मी पाहिलंय. यातली एक गोष्ट जरी आडवी येत असली तरी उत्तर नाही असू दे. मला माहीत नसलेल्याही अडचणी असतील. त्या सांगायची गरज नाही. "जमत नाही गं" एवढे तीन शब्द लिही, चौथा नको. का, म्हणून मी विचारणार नाही, पुढं भेटल्यावर चेष्टेतही नाही.

आणि दाजींना किंवा आत्यांना नको असेल, तर ते त्यांच्या नावावर घालायचीही गरज नाही. घरात एकाचं जरी मन नसलं तरी नाहीच समजायचं. पाहुणा आला की चहाचा कप कोण विसळतं ते आपल्या दोघींना माहीत आहे. पण घर काही तुझ्या एकटीचं नाही.

आता जमणार असेल तर माझा बारदाना किती, तेही ऐक. गुरुवारी पहाटे तुझं दार वाजवणार नाही. गाडीतून उतरून थेट दादरला जाईन, आंघोळ मंगलताईंच्या खोलीवर उरकेन आणि दिवसभर स्टॉल लावून रात्री येईन. पुढचे तीन दिवस सकाळी नऊला बाहेर, रात्री दहाच्या सुमाराला घरात. जेवण तिकडंच, रात्रीचंही. तू भाकरी झाकून ठेवलीस तर मी रागावेन. अंथरायला चादर आणि पांघरूण घेऊन येईन. माल एकही जोड तुझ्या घरात येणार नाही, पोती ट्रान्सपोर्टनं हॉलवरच उतरणार आहेत. चामड्याचा वास आमच्या नाकाला कळत नाही, पण बंद खोलीत दुसऱ्याला तो झोपू देत नाही. माझ्यापाशी एक बॅग, बस्स.

अर्धवटही चालेल. एकच रात्र जमत असेल तर एकच. मुक्काम नको पण सोमवारी दिवसभर बॅग ठेवायला जागा हवी, एवढंच जमत असेल तर तेही पुष्कळ. आणि काहीच नको, पण रविवारी ओमचा अभ्यास आटोपून तासभर दादरला चक्कर मारता आली, तर स्टॉलमागं स्टूल टाकून बसू. मला बायकांनी चपलेची वेणी घालून दाखवायला बसवलंय, त्यामुळं हात चालू आणि तोंड मोकळं असेल.

आता जरा अवघड बोलते. २०१९ च्या पुरात काका-काकू आमच्याकडं होते, ते या हिशेबात धरू नकोस. तुझ्या मनात ते येणार, मी तुला ओळखते. कुंभार गल्लीत पाणी शिरलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तुला मुंबईहून येता येईना, आणि तू रोज रडत फोन करायचीस. तेव्हा काकूंना आणायला माझा भाऊ गेला, कारण त्या काकू होत्या. आईनं त्यांना आपल्या हाताखाली भाकऱ्या थापायला बसवलं, कारण बसून राहिल्या असत्या तर त्यांना घराचं सुचत राहिलं असतं. त्यात तुझ्यावर काहीच चढलेलं नाही. चढलं असेल तर माझ्या आईवर, काकूंच्या हातचा पांढरा रस्सा त्यानंतर आमच्या घरात आईच्या रश्शापेक्षा वरचढ मानला जातो आणि ते तिला अजून गिळवत नाही. त्या उपकाराच्या ओझ्यानं तू हो म्हणालीस, तर मी चार रात्री तुझ्याकडं नीट झोपणार नाही. त्यापेक्षा मंगलताईंचं घोरणं बरं.

आणि मुख्य म्हणजे, मी मुंबईला निघालेय हे काकूंना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तुला सकाळीच फोन लावला असता, "सुनी येतीया, तिला लॉजवर राहू दिलंस तर बघ." माझ्या आईलाही सांगितलेलं नाही, कारण आईला सांगणं म्हणजे काकूंना सांगणं. दोघींना मी "गटाच्या बायकांबरोबर उतरतोय" एवढंच सांगणार आहे. तू हो म्हणालीस तरी तेच. हे आपल्या दोघींतच राहील, आणि नाही म्हणालीस तर कुणाला काही कळायचं कारण नाही.

आज हो म्हणालीस आणि नंतर काही उपटलं, आत्या आजारी पडल्या, ओमला ताप आला, किंवा नुसता वैताग आला, तर गुरुवारी मी दादरला असताना संध्याकाळी कळवलंस तरी चालेल. मंगलताईंशी बोलून ठेवलंय. गादी कमी पडली तर दोघी एका गादीवर, त्यांची हरकत नाही. माझी आहे, पण ती मी सहन करेन.

बाकी इकडं बरं चाललंय. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत आपल्यासारख्या चपला दिसल्यापासून आमच्या गल्लीत कॅमेरा घेऊन पोरं फिरायची, आता ती कमी झालीत. ऑर्डरी मात्र थोड्या वाढल्यात. सगळ्यांचा प्रश्न एकच, अस्सल कोल्हापुरी कशी ओळखायची? २०१९ ला जीआय मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, हे सांगितलं की इथलेच लोक डोळे वटारतात. मी त्यांना चप्पल हातात देते आणि तळ बघा म्हणते, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं हाताला लगेच कळतं. तीन दिवस हेच बोलून घसा बसणार आहे, तेव्हा आले तर पहिल्या रात्रीच काय त्या गप्पा, नंतर मी मुकी.

कांदा-लसूण चटणीचा डबा आणि गूळ तुझ्यासाठी बांधून ठेवलाय. त्याचा मुक्कामाशी संबंध नाही. लॉजवर राहिले तरी तो दादरला स्टॉलखाली असेल, दाजी ऑफिसातून येता-जाता घेऊन जातील. नाहीतर आपल्याकडच्या दुसऱ्या कुणाबरोबर पाठवेन.

ओमच्या पायाचा नंबर तेवढा कळव. कापशी घालेल का तो, का अजून बुटांतच आहे? दहावीनंतर घालायला एक जोड करून ठेवते. घालायच्या आधी तेल लावायचं आणि पावसात घालायची नाही, एवढं त्याला सांग. मापासाठी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं रेघ ओढायची आणि फोटो पाठवायचा. हा फोटो मात्र २८ च्या आत नाही आला तरी मी मागं लागेन.

तुझी,
सुनीता

ता. क. - दोन निळ्या बरोबरच्या खुणा आल्या आणि उत्तर आलं नाही, तरी मी काही अर्थ काढत बसणार नाही. वाचून फोन उपडा ठेव आणि कामाला लाग.