रेवाच्या पाचव्या वाढदिवसाची निमंत्रणपत्रिका: चित्रकारासाठी सूचना

आमच्या मुलीच्या, रेवाच्या, पाचव्या वाढदिवसासाठी शेकरू या विषयावरची निमंत्रणपत्रिका तयार करावी. गेल्या दिवाळीत भीमाशंकरच्या अभयारण्यात तिने एक शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेताना पाहिले आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक सोफ्यावरून शेकरूची उडी मारली जात आहे. त्यामुळे हा विषय आम्ही निवडलेला नसून तिनेच निवडला आहे, आणि पत्रिका पाहताच तिला आपले शेकरू ओळखू आले पाहिजे, ही आमची पहिली अपेक्षा आहे.

म्हणून चित्रातला प्राणी साधी खार नसावा. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्याच्या पाठीवर खारीसारखे पट्टे नसतात. पाठ गडद तांबूस-तपकिरी, पोट आणि छाती फिकट पिवळसर, आणि धडापेक्षाही लांब अशी झुपकेदार शेपटी असते, जिचे टोक फिकट असते. परदेशी चित्रांतून दिसणारी, हातात ओकचे फळ धरलेली राखाडी खार कृपया घेऊ नये. आमच्या शेकरूच्या हातात जांभूळ द्यावे. डोळे मोठे आणि चेहरा हसरा करण्यास हरकत नाही, मात्र त्याला टोपी किंवा कपडे घालू नयेत.

पत्रिकेच्या वरच्या भागात मोठा देवनागरी ५ असावा. शेकरू त्या आकड्यावर बसलेले असावे आणि आकड्याची खाली उतरणारी दांडी हीच त्याची लोंबती शेपटी असावी. फांदीवर बसलेल्या शेकरूची शेपटी खरोखरच अशी खाली लोंबते, त्यामुळे ही कल्पना ओढूनताणून आणलेली वाटणार नाही. बाकीचे आकार मुलांना बोटाने गिरवता येतील इतके सोपे आणि ठळक ठेवावेत: आंब्याची लांबट पाने, जांभळांचे लंबगोल, आणि एका कोपऱ्यात काळ्या-निळ्या पंखांचे एक नीलवंत फुलपाखरू, जे 2015 पासून आपले राज्यफुलपाखरू आहे. आकारांच्या कडा कात्रीने कापलेल्या रंगीत कागदासारख्या किंचित वेड्यावाकड्या असल्या तर फार आवडेल. फुगे आणि चमकी नको.

मजकुरासाठी पत्रिकेच्या मध्यभागी शेकरूचे घरटे काढावे. शेकरू काटक्या आणि पानांचे मोठे गोल घरटे उंच फांद्यांवर बांधते. त्याच गोलाची कड काटक्यांची करून आतला भाग फिकट दुधी रंगाचा आणि पूर्ण मोकळा ठेवावा, म्हणजे अक्षरांमागे चित्र येणार नाही. घरट्यात पुढील मजकूर जसाच्या तसा घ्यावा:

"मी रेवा. मी पाच वर्षांची होणार!
माझ्या वाढदिवसाला झाडावर नाही, गच्चीवर या.
रविवार, 22 फेब्रुवारी 2026
संध्याकाळी 5 ते 7:30
शिरीष सोसायटी, अ इमारत, गच्ची
खेळ, शेकरूचे मुखवटे आणि आजीच्या हातचा शिरा!
भेट म्हणून काही आणायचेच असेल, तर एक बी आणा. आपण ते कुंडीत लावू."

घरट्याच्या खाली "प्रिय" हा शब्द आणि त्यापुढे एक लांब मोकळी फांदी काढावी. रेवा नुकतीच अक्षरे लिहू लागली आहे आणि प्रत्येक मित्राचे नाव ती स्वतः लिहिणार आहे, म्हणून या फांदीवर किमान 2 सेंटिमीटर उंचीची अक्षरे मावली पाहिजेत. जागा कमी पडल्यास जांभळे कमी करावीत, फांदी नव्हे. दूरध्वनी क्रमांक पत्रिकेवर छापू नये. पत्रिका अनेकांच्या मोबाइलवर फिरेल आणि येणार असल्याचा निरोप पालक आम्हाला थेट देतील.

"रेवा" हे नाव हाताने रेखाटलेले असावे. बाकी मजकुरासाठी Baloo 2 हा गोलसर फाँट चालेल आणि पत्त्याच्या ओळीसाठी Mukta वापरावा. छपाईपूर्वी "संध्याकाळी", "फेब्रुवारी" आणि "वर्षांची" यांसारख्या शब्दांतली जोडाक्षरे व रफार तुटलेले नाहीत ना, हे मोठे करून तपासावे, कारण लहान मूल वाचायला शिकत असताना त्याच्यासमोर मोडलेले अक्षर येऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

छापील पत्रिका 5 × 7 इंच, उभी आणि 300 डीपीआय असावी. कटिंगसाठी चारही बाजूंना 3 मिलिमीटर जास्तीची जागा सोडावी. कागद चकचकीत नको, कारण त्यावर स्केचपेनची शाई पसरते. मोबाइलसाठी 1080 × 1920 पिक्सेलची वेगळी प्रत करावी व तीत नावाची फांदी काढून टाकून घरटे मोठे करावे. पहिले कच्चे रेखाटन रविवार, 1 फेब्रुवारीपर्यंत मिळावे. ते रेवाला दाखवून, तिने सुचवलेले बदल आम्ही त्याच दिवशी कळवू.