बोअरच्या मोटारीचं मार्कांचं शीट – दादा, अण्णांना पण दाखव

दादा, तू पाठवलेली तिन्ही ब्रोशरं बघितली अन् त्यातलं कोष्टक मोडून शीट केलंय. पयले तर त्यातल्या निम्म्या ओळी उडवल्या. स्टेनलेस स्टीलची बॉडी, तांब्याची वाइंडिंग, ५ एचपी, थ्री फेज, हे तिघांचंबी सेमच हाय, मग त्याला मार्क देऊन फरक काय पडणार? अन् "भरवशाची गुणवत्ता" वगैरे ओळींना तर मार्क कुठून देऊ.

दुसरं, काही गोष्टी मार्काच्या नाहीतच, त्या हो किंवा नाही अशा. आपल्या साडेसहा इंची बोअरमधी बसतेय का, आयएस ८०३४ चा आयएसआय मार्क हाय का, जुना ५ एचपीचा स्टार्टर चालतोय का. नाही आलं की मोटार बाद, बाकी कितीबी चांगली असू दे. तिन्ही पास झाल्या म्हणून पुढं गेलो. नावं लिहित नाही, अ म्हणजे औशाच्या दुकानातली, ब लातूरची, क तुझ्या मित्रानं सुचवलेली.

आता मेन गोष्ट. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात "हेड ४३० फूट, पाणी ३०० लिटर मिनिटाला" असं छापलंय ना, ते दोन्ही एकाच वेळी मिळत नसतंय. ४३० फुटावर मोटार फिरते पण पाणी शून्य, अन् ३०० लिटर येतंय ते पाणी अगदी वर असलं तर. म्हणून मागच्या पानावरचं हेड-डिस्चार्जचं बारीक कोष्टक धरलं. आपलं हेड असं: मे मधी चालू मोटारीला पाणी २६० फुटावर राहतंय, २ इंची पाइपातलं घर्षण १५ फूट, ड्रीपला एक किलो प्रेशर म्हणजे ३३ फूट, मिळून ३०८, धरू ३१०. मोटार ३२० फुटावर सोडलीय म्हणून ३२० धरायचं नसतंय, पाण्याच्या पातळीपासून मोजायचं. ब्रोशर मीटरमधी हाय, ३१० फूट म्हणजे साधारण ९५ मीटर, त्या रकान्यातले आकडे खाली घेतलेत.

| | अ | ब | क |
|---|---|---|---|
| ३१० फुटावर पाणी (लिटर/मिनिट) | ११५ | १५० | १४० |
| कमीत कमी व्होल्टेज | ३५० | ३०० | २८० |
| रिपेरी कुठं | औसा | लातूर | सोलापूर |
| किंमत, शेतापर्यंत (रु.) | ३४,५०० | ४०,५०० | ४६,५०० |
| वॉरंटी (महिने) | १२ | १८ | २४ |
| स्टार | ३ | ४ | ५ |

रिपेरीची ओळ ब्रोशरमधी नव्हतीच, मी घातली. सोयाबीन फुलोऱ्यात असताना मोटार जळाली अन् ती सोलापूरला न्यायची म्हणलं तर काय होतंय ते तुला सांगायची गरज नाही.

मार्क १० पैकी, अन् नियम आधी ठरवून मग मार्क दिलेत, नाहीतर मनात जी मोटार हाय तिलाच मार्क पडतेत. पाण्याला: १०० लिटरला शून्य (त्याखाली आपला ड्रीपचा एक ब्लॉक भरत नाही), वर दर ५ लिटरला एक मार्क. व्होल्टेजला: ३८० ला शून्य, खाली दर १० व्होल्टला एक. किंमत: सगळ्यात स्वस्तला १०, दर २,००० जास्तीला एक कमी. वॉरंटी भागिले तीन, स्टार गुणिले दोन. रिपेरीचे मार्क मात्र अंदाजानंच दिलेत, तिथं तुझं म्हणणं वेगळं असंल तर बदल.

| | वजन | अ | ब | क |
|---|---|---|---|---|
| पाणी | ३० | ३ | १० | ८ |
| व्होल्टेज | २५ | ३ | ८ | १० |
| रिपेरी | २० | ९ | ७ | ३ |
| किंमत | १५ | १० | ७ | ४ |
| वॉरंटी | ५ | ४ | ६ | ८ |
| स्टार | ५ | ६ | ८ | १० |
| एकूण | १०० | ५.४५ | ८.१५ | ७.०० |

शीटमधी एकूणच्या खान्यात हे हाय, वजन B मधी अन् अ चे मार्क C मधी. उजवीकडं ओढलं की ब अन् क चं आपोआप येतंय:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$7,C2:C7)/SUM($B$2:$B$7)
```

वजनं अशी का, तर व्होल्टेजला २५ यासाठी की रात्रीच्या पाळीला आपल्या स्टार्टरवर काटा ३२०-३३० वरच असतोय. अण्णा म्हणतेत दिवसा तर चालतंयच की, खरंय, म्हणून अ ला बाद केलं नाही, पण अर्ध्या पाळ्या रात्रीच्याच येतेत. स्टारला फक्त ५, कारण साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाचं बिल २०२४ पासून माफ हाय, वीज वाचली तरी सध्या आपल्या खिशाला फरक नाही. ही योजना २०२९ पर्यंतची हाय, मोटार त्याच्यापुढंबी चालावी म्हणून पार शून्य नाही केलं. वॉरंटीला कमी कारण ड्राय रनिंगनं अन् व्होल्टेजनं जळालेली वाइंडिंग वॉरंटीत घेत नाहीत, अन् आपल्याकडं जळते ती त्यानंच.

मग वजनं हलवून बघितली. अण्णांचं मन राखायला किंमत १५ ची ३० केली, व्होल्टेज १० वर आणलं: अ ६.५०, ब ८.००, क ६.१०. अ वर आली पण ब च पुढं. म्हणजे पैशावरून भांडायची गरज नाही.

पण एका जागी निकाल पलटतोय. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तसला उन्हाळा आला अन् पाणी ३३० फुटावर गेलं (मग मोटारबी पाइप जोडून खाली सोडावी लागंल) तर हेड ३८० होतंय. त्या हेडला अ ५० लिटर, ब ११५, क १२५. मार्क ०, ३, ५ अन् एकूण ४.५५, ६.०५, ६.१०. क पुढं, पण पाच पैशानं. त्याच्यासाठी दरसालची सोलापूरची वारी अन् ६,००० जास्तीचे मला पटत नाही. हां, क वाल्यानं लातूरमधी रिपेरी सुरू केली तर दुष्काळात ती ६.९० होते, मग विचार करू, पण नेहमीच्या वर्षाला तरीबी ७.८०, ब च्या खालीच.

दुसरी शंका ब च्या ३०० व्होल्टची. ब्रोशरवर कायबी छापतेत, तेवढं दुकानदाराकडून कोटेशनवर लिहून घे. त्यानं ३३० लिहिलं तर ब ७.४० वर येते, चालतंय. ३५० लिहिलं तर ६.९०, मग क घ्यायची.

शनिवारी लातूरला जाशील तेव्हा एवढंच विचार, अन् कोटेशनमधी केबल अन् दोर धरलाय का ते बघ, मी किंमत केबल सोडून धरलीय, ती तिन्हीला सारखीच लागणार. फोटो टाक, मी आकडा बदलून लगेच सांगतो. २६० फूट पातळी मी तुझ्या तोंडी सांगण्यावर धरलीय, मोटार वर काढाल त्या दिवशी, काढायच्या आधी ती चालू असतानाच, दोरीला खूण करून एकदा मोजून घ्या, अन् नवीन मोटार त्याच्यानंतरच सोडा.