सातवी पायरी

साडेसहाला वळीव आला आणि इंदिरानगरातल्या त्या गल्लीच्या तोंडाशी असलेला गुलमोहर तारांवर आडवा झाला. लाईट गेली. इन्व्हर्टरने चाळीस मिनिटं तग धरला, मग तोही कुंई करत बसला. बॅटरीत पाणी घालायचं मार्चपासून राहिलं होतं. कोणाचं राहिलं होतं, यावर विवेक आणि मृदुलाने एकमेकांकडे पाहिलं आणि विषय तिथेच सोडला.

नऊच्या सुमाराला विवेक गॅलरीतून खाली ओरडला, "काय हो, किती वेळ?"

"पोल वाकलाय साहेब," अंधारातून वायरमन म्हणाला. "उजाडेल असं धरून चाला."

विवेकच्या मोबाइलमध्ये चार टक्के उरले होते. मृदुलाचा कधीच बंद पडला होता. एरवी या वेळेला तो सोफ्यावर मॅच बघत असायचा, ती आतल्या खोलीत सीरियल. ओजस पुण्याला होस्टेलवर गेल्यापासून घरातलं बोलणं बहुतेक दूध, गॅस आणि हप्ते एवढ्यावर भागत होतं. भांडण नव्हतं. भांडायलाही काहीतरी बोलावं लागतं.

मृदुलाने देवघरातली समई उचलून गॅलरीच्या उंबऱ्याशी ठेवली आणि फरशीवरच बसली. फरशी गार होती. विवेक आधी खुर्ची ओढायला गेला, मग तोही खालीच बसला. गुडघा कटकन वाजला.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"कशाला?"

"वाजतोय महिनाभर. रोज उठताना ऐकते मी."

हिला ऐकू जातं, हे त्याला नवीन होतं.

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. ओल्या मातीचा वास येत होता. मग विवेकला आपली हुकमी गोष्ट आठवली. कोणीही पाहुणा आला आणि पावसाचा विषय निघाला की तो ती सांगायचा. "सन 2008 चा पूर आठवतो? अशीच लाईट गेलेली. दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी! मी आणि सुहास पूर बघायला रविवार कारंजाकडे गेलो, आणि मागे पूल बंद. मग रात्रभर सुहासच्या काकांकडे पत्ते..."

"तेरा लाडू खाल्लेत तुम्ही त्या रात्री," मृदुला म्हणाली.

"हां! तेरा!"

"पाठ आहे मला. सतरा वर्षं ऐकतेय."

समईची वात फडफडली. तिने हाताचा आडोसा केला.

"वाड्याच्या जिन्याला किती पायऱ्या होत्या, सांगा."

विवेकला पंचवटीतला तो वाडा दिसला. वरच्या दोन खोल्या, लाकडी कठडा, कठड्यावर वाळणारी दुपटी. पायऱ्या मात्र आठवेनात. "दहा-बारा?"

"सोळा. मी मोजत होते ना. ओजसला झोळीत बांधून पाठीवर घेतला होता, कारण खाली ठेवला की रडायचा. दर पंधरा मिनिटांनी टॉर्च घेऊन जिन्याच्या तोंडाशी जायचं आणि पाणी कुठवर आलं ते बघायचं. दहाला दुसरी पायरी होती. बाराला पाचवी."

विवेक गप्प झाला.

"मालकीणबाई?"

"त्या संध्याकाळीच लेकीकडे गेल्या होत्या. तुम्हाला सांगितलं होतं मी, तुम्ही चप्पल घालत होतात तेव्हा."

सतरा वर्षांत त्याने ती गोष्ट निदान शंभरदा सांगितली असेल. त्यात पूल होता, पोलीस होते, लाडू होते. ती दोघं वरच्या खोलीत होती, हे त्यात कुठेच नव्हतं.

"बोलली का नाहीस कधी?"

"सकाळी तुम्ही हसत आलात. 'काय पूर होता!' म्हणालात. पोह्यांना कांदा चिरायला घेतला मी. त्यात कुठे सांगणार?" ती थोडं हसली. "नंतर ते तुमच्या गोष्टीचं मधलं पान झालं. फाटलेलं."

"घाबरली होतीस?"

"नाही, गरबा खेळत होते."

तो हसला आणि लगेच त्याला लाज वाटली. अंधारात त्याने तिचा हात चाचपला. अंगठ्याशी भाजल्याचा जुना वण लागला. तो कधीचा, हेही त्याला विचारायचं होतं, पण आधी पाणी.

"मग?"

"मग दोनच्या सुमाराला सातवी बुडाली. मी एका पिशवीत ओजसचे कपडे, बिस्किटं आणि तुमची सर्टिफिकेटं..."

"माझी सर्टिफिकेटं?"

"माझी सापडली नाहीत अंधारात. आणि मग गच्चीच्या दाराशी..."

खटकन लाईट आली. ट्यूब दोनदा चमकून पेटली, फ्रिज घरघरला, हॉलमधला टीव्ही आपोआप सुरू होऊन कोणीतरी जोरात टूथपेस्ट विकायला लागलं. समोरच्या बिल्डिंगमधून पोरांचा "आलीऽऽऽ" असा गजर झाला. दोघांनी डोळे बारीक केले. मृदुलाने उठता उठता पदराने समई शांत केली आणि चार्जर शोधायला वळली.

विवेक गुडघा वाजवत हॉलमध्ये गेला, टीव्ही बंद करून परत आला आणि फरशीवर होता तिथेच बसला.

"गच्चीच्या दाराशी काय?"

ती चार्जर हातात धरून क्षणभर उभी राहिली.

"आधी तो पंखा दोनवर करा," म्हणाली आणि खाली बसली.